करवलीचा खर्डा

मराठी माणसाला आभार मानता येत नाहीत असे म्हणतात. हे खरे नाही. मराठी माणूस आभार मानतो, फक्त ते मानताना त्याचा चेहरा दाढ काढून घेतल्यासारखा होतो. सभेत आभारप्रदर्शन सुरू झाले की अर्धे लोक चपला शोधायला उठतात, यावरून या प्रकाराबद्दल समाजाचे मत काय आहे ते कळतेच. ‘आभार’ या शब्दातच ‘भार’ आहे. देणाऱ्याला तो द्यायला जड, घेणाऱ्याला घ्यायला जड.

तेव्हा लग्न पार पडल्यावर पाहुण्यांना आभाराचा मजकूर पाठवण्याची जी नवी रीत आली आहे, तिने अनेक घरांत लग्नापेक्षा अधिक घोळ घातलेला आहे. पूर्वी हे काम वधूपित्याचे नुसते हात जोडलेले चित्र करीत असे. मांडवाच्या दाराशी तो हात जोडून उभा राहिला की निमंत्रण, स्वागत, क्षमायाचना आणि आभार ही चारही खाती एकाच सहीवर निकाली निघत. माझ्या मोठ्या भाचीच्या लग्नात ते हात जोडायला माझे मेहुणे नव्हते. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. मुलगी साताऱ्याची, मुलगा सांगलीचा, लग्न साताऱ्यात. मांडवात वडिलांची जवळजवळ सगळी कामे धाकटीने केली. ती करवली. करवलीने नवरीच्या मागे कऱ्हा आणि दिवा घेऊन मिरवायचे असते. हिने कऱ्हा मावसबहिणीच्या हातात दिला आणि स्वतः आचाऱ्याच्या मागे मिरवली. त्या दोन दिवसांत कोणाचे काय उपकार झाले, ते ती बस्त्याच्या पावतीच्या पाठीवर धावत-पळत टिपत होती. त्या टिपणांवरून पाहुण्यांना पाठवायचा मजकूर तयार करायचा होता, आणि ‘मामा, तुम्ही बँकेत आहात, तुमचं आयुष्य लिहिण्यात गेलंय,’ असे म्हणून तिने ती पावती माझ्यापुढे ठेवली.

बँकेतल्या लिहिण्याला खर्डेघाशी म्हणतात हे तिला माहीत नसावे. पण तो शब्द मात्र अगदी योग्य जागी आला. खर्डा म्हणजे कच्चे लिखाण. आमच्या भागात या एका शब्दाचे तीन अर्थ नांदतात. एक खर्डा भाकरीबरोबर खायचा, हिरव्या मिरचीचा. तो खाल्ल्यावर माणूस काही काळ बोलत नाही. दुसरा खर्डा ११ मार्च १७९५ ला निजामाविरुद्ध लढला गेला. त्यात मराठी फौजांचे सेनापती आमच्या सांगली-मिरजेकडच्या पटवर्धनांपैकी परशुरामभाऊ होते. आणि तिसरा खर्डा कारकुनाचा. तिन्हींत डोळ्यांतून पाणी येते, हे साम्य.

या तिसऱ्या खर्ड्याची परंपरा साताऱ्यात फार जुनी आहे. छत्रपतींच्या राजधानीत चिटणीस असायचेच. चिटणीस म्हणजे पत्रे लिहिणारा. धन्याने तोंडी चार शब्द सांगायचे आणि याने त्यांचे पत्र करायचे. या धंद्याचे मूळपुरुष शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. त्यांची एक आख्यायिका सांगतात. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहायला सांगितले होते. दिवसभराच्या कामात ते राहून गेले. रात्री महाराजांनी विचारले, ‘पत्र झाले? वाचा.’ बाळाजींनी कोरा कागद पुढे धरला आणि मायन्यापासून शेवटापर्यंत पत्र खडाखडा वाचून दाखवले. महाराज खूश झाले. शेजारी मशाल धरून उभा असलेला मशालजी मात्र हसला, आणि भांडे फुटले. याच घराण्यातले मल्हार रामराव चिटणीस पुढे साताऱ्यालाच बखर लिहिते झाले. आख्यायिका खरी असो-नसो, लिहिणाऱ्याचे मर्म तिच्यात आले आहे. बाळाजींकडे कागद नव्हता, पण मजकूर होता. आपल्याकडे बहुधा उलटे असते.

उदाहरणार्थ, धाकटीच्या एका मैत्रिणीने तयार मजकूर पाठवला होता. ‘आपल्या बहुमूल्य उपस्थितीने सोहळ्याची शोभा द्विगुणित झाली, आम्ही आपले ऋणी आहोत.’ हा मजकूर लग्नाला चालतो, दुकानाच्या उद्घाटनाला चालतो, आणि ‘शोभा’ एवढी काढली तर तेराव्यालाही चालतो. तो कोणी वाचत नाही, कारण त्यात वाचणारा कोठेच नसतो. धाकटीच्या पावतीवर मात्र मजकूर असा होता :

गुरुजी – वेळेत!!
सांगलीकर – हळद – हसले
शेजारी – पाणी – टाकी
धा. का. – रात्री २ – गॅस – ?
८० पानं जास्त. तरी पुरलं
आहेर नको तरी
ताई रडली नाही (हे खोडलेले)
बाबा

एवढेच. आठ ओळी. पण माणसे सगळी तिच्यात होती.

आता टिपणावरून मजकूर करायचा म्हणजे पहिले काम अक्षर लावण्याचे. आपल्या पूर्वजांना हे काम पिढ्यान्‌पिढ्या होते, कारण त्यांचे सगळे दप्तर मोडीत. बोरू कागदावरून कमीत कमी उचलायचा, ओळीच्या डोक्यावरची रेघ आधीच ओढून ठेवायची आणि अक्षरे तिला लटकवत सुटायचे, ही मोडीची तऱ्हा. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहायचे नाहीत, पूर्णविराम नाही. लिहायला वेग भरपूर, वाचायला मात्र संदर्भ ठाऊक हवा. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ ला खून झाला, त्याची ती प्रसिद्ध गोष्ट याच दप्तरातली. रघुनाथरावांनी ‘धरावे’ लिहिले आणि आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले म्हणतात. इतिहासाचे जाणकार तिला दंतकथा समजतात. पण लोकांनी ती दोनशे-अडीचशे वर्षे जपली, याचा अर्थ एका अक्षराने काय होऊ शकते याची लोकांना पुरती कल्पना होती.

आमच्याकडे हा प्रसंग अगदी तंतोतंत उद्भवला. चौथ्या ओळीतले ‘धा. का.’ मावसभावाने ‘मा. का.’ असे वाचले, आणि ‘मा. का.’ म्हणजे मावशीचे काका, अर्थात मावशीचे यजमान, असा त्याने अर्थ लावला. रात्री दोन वाजता गॅस संपला तेव्हा या गृहस्थांनी सिलिंडर आणून दिले, असे त्यावरून ठरत होते. वास्तविक त्या रात्री दोन वाजता हे गृहस्थ ज्या आवाजात घोरत होते, तो कार्यालयाच्या दोन्ही मजल्यांनी ऐकला होता. त्यांचे जाहीर आभार मानले गेले असते, तर त्यांनी ते नाकारलेही नसते. धाकटी वेळेवर ओरडली, ‘अरे, मा नाही, धा! धाकटे काका!’

आणि सगळे गप्प झाले.

धाकटे काका म्हणजे मेहुण्यांचे सख्खे भाऊ. वाड्याच्या मधल्या भिंतीवरून दोघा भावांचे बिनसले होते. अकरा वर्षे बोलणे नव्हते. भाऊ गेले तेव्हा काका आले, दारातच उभे राहिले आणि दारातूनच परत गेले. लग्नाची पत्रिका धाकटीने स्वतः नेऊन दिली होती. ते आले, शेवटच्या रांगेत बसले. रात्री आचारी ‘गॅस गेला’ म्हणून हवालदिल झाला तेव्हा कोणाला काही न विचारता ते स्कूटरवरून गेले आणि कोठून तरी दोन सिलिंडर रिक्षात घालून घेऊन आले. नंतर जेवायलाही थांबले नाहीत. धाकटीच्या टिपणात त्यांच्यापुढे जे प्रश्नचिन्ह होते, ते अक्षर लागले नाही म्हणून नव्हते. त्यांचे आभार मानायचे की नाही, आणि मानायचे तर कसे, हा प्रश्न होता. न मानावेत तर भिंत आणखी उंच व्हायची. नाव घेऊन मानावेत तर चारशे लोकांपुढे ‘बघा, अखेर आले’ असा डंका पिटल्यासारखे व्हायचे, आणि स्वाभिमानी माणसाला तो डंका भिंतीपेक्षा जड.

अशा वेळी जुनी पत्रे उपयोगी पडतात. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिकवत. त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतले कागद वाचून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला काढला. युद्ध, तह, पैशाची ओढाताण असा सगळा संसार त्यात आहे. त्या काळच्या पत्रांचा साचा ठरलेला. वर ‘श्री’. मग मायना, म्हणजे ज्याला लिहायचे त्याच्या योग्यतेप्रमाणे संबोधन : वडिलांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, बरोबरीच्या सरदाराला राजश्री आणि त्यामागे विशेषणांची पालखी. कोणाला कोणता मायना घालायचा याची पाठच असे. ‘मेस्तक’ नावाचे अशा नियमांचे बाड देवगिरीच्या यादवांच्या हेमाडपंतांच्या नावावर सांगतात. मायन्यात एक विशेषण कमी पडले तर समोरचा पुढचा मजकूर वाचायच्या आधीच रुसे. मग ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’. मग ‘विशेष’, म्हणजे खरे काम. आणि शेवटी : बहुत काय लिहिणे, लोभ असावा, हे विनंती.

हा शेवट मला फार शहाणपणाचा वाटतो. या ठरलेल्या जागी आभार नाहीत, मागणी आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ‘आभारी आहे’ म्हणजे खाते चुकते केले, पावती घ्या, व्यवहार संपला. ‘लोभ असावा’ म्हणजे खाते चालू ठेवा, शिल्लक राहू द्या. सव्याज परत करण्याची भाषाच नाही. आपल्या आहेराचेही तसेच आहे. कोणी काय दिले याची वही आपण घालतो ती हिशेब मिटवायला नव्हे. त्यांच्याकडच्या कार्यात तेवढे किंवा थोडे वरचढ परत करायला, म्हणजे येणे-जाणे पुढे चालू राहायला. ज्या दिवशी दोन घरांचा आहेर बरोबर चुकता होतो, त्या दिवशी ती दोन घरे परकी होतात.

थोरामोठ्यांच्या लग्नांतही तोंडी आभारांना जागा कमीच होती. सवाई माधवरावांचे लग्न १० फेब्रुवारी १७८३ ला पुण्यात थत्त्यांच्या रमाबाईंशी झाले. त्याच्या व्यवस्थेची याद प्रसिद्ध आहे. कोणाला कसे सामोरे जायचे, कोणाची बडदास्त कोणी ठेवायची, हे तिच्यात आधी लिहून काढलेले. कृतज्ञता दाखवायची ती अंगावर वस्त्रे घालून, मान राखून. म्हणजे त्या वेळी आभार लग्नाच्या आधीच तयार असत. आपण ते नंतर आठवत बसतो.

एवढे ध्यानात घेतल्यावर पावतीवरच्या आठ ओळी सुटू लागल्या.

पहिला प्रश्न मायन्याचा. पूर्वी प्रत्येकाला वेगळे पत्र जाई. आता एकच मजकूर एका बोटाने चारशे फोनवर जातो. त्यात आजेसासरे आहेत आणि नवऱ्याच्या क्रिकेट संघातली पोरेही आहेत. साष्टांग नमस्कार घालावा तर पोरे हसतील, आशीर्वाद द्यावेत तर आजेसासरे विचारतील, ‘ही कोण?’ ‘सप्रेम नमस्कार’ एवढाच मायना दोन्ही टोकांना पुरतो. तो ठेवला.

दुसरा प्रश्न नावांचा. मी नियम घातला, नाव एकही नको. चारशेपैकी तीस नावे घेतली की तीनशेसत्तर माणसे दुखावतात, आणि तिसांतले अर्धे क्रमावरून दुखावतात. त्याऐवजी कृत्य लिहायचे. ‘ज्यांनी टाकी भरून दिली’ म्हटले की टाकी भरणाऱ्याला कळते, शेजाऱ्यांना कळते, आणि टाकी न भरणाऱ्याची तक्रार राहात नाही. कृत्य मात्र असे हवे की जे दुसऱ्या कोणालाही चिकटणार नाही. ‘ज्यांनी मदत केली’ म्हटले तर मावशीचे यजमानही उठून बसतील.

तिसरा प्रश्न ‘काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा असावी’ या वाक्याचा. वधूपक्षाच्या मजकुरात हे परंपरेने असतेच. धाकटी म्हणाली, ‘मामा, माफी कशाची? ऐंशी पानं जास्त झाली, तरी पुरलं ना?’ मी म्हटले, ‘रीत आहे गं.’ ती म्हणाली, ‘मग दोन्हीकडून असू दे. त्यांनी मागितली की मी मागते.’ वाक्य गेले. वरपक्ष सांगलीचा. हळदीची पेठ ती. आमची हळद त्यांनी बोटावर घेऊन, उजेडात धरून अशी काही पाहिली की जणू सौदा व्हायचा आहे. आणि मग स्वतःच खोखो हसले. त्यांच्याकडून माफीपेक्षा हळद मागणे अधिक फायद्याचे होते.

चौथा प्रश्न उद्गारचिन्हांचा. गुरुजी वेळेत आले याला तिने दोन उद्गारचिन्हे दिली होती, ती वाजवीही होती. पण साफ करताना ती प्रत्येक ओळीला देऊ लागली. जुन्या मराठीला हे खिळे मुळीच माहीत नव्हते. मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने ते आणले. १८५० मध्ये त्याने विरामचिन्हांवर पुस्तकच काढले. पटवर्धनांनी लढाया एकाही उद्गारचिन्हाशिवाय कळवल्या. एक ठेवले, बाकी परत केले.

राहिले शेवटचे दोन प्रश्न. ‘ताई रडली नाही’ हे तिने स्वतःच खोडले होते, ते खोडलेलेच राहू दिले; ते घरातले होते. आणि ‘बाबा’. त्यापुढे कृत्य नव्हते, वेळ नव्हती, काहीच नव्हते. ‘कै. बाबांच्या आशीर्वादाने’ हे तयार वाक्य तिला नको होते. ती म्हणाली, ‘आशीर्वाद कसला मामा, बाबा असते तर त्यांनी दाराशी उभं राहून सगळ्यांना जेवून जा म्हटलं असतं.’ मी म्हटले, ‘हेच लिही.’

साफ प्रत झाली ती अशी :

‘सप्रेम नमस्कार. ताईचे लग्न तुम्ही सगळ्यांनी मिळून केलेत. गुरुजी वेळेत आले! शेजारच्या घरांनी स्वतःच्या टाक्या रिकाम्या करून आमच्या भरल्या. आम्ही चारशे पानांची तयारी केली होती, चारशेऐंशी उठली. कोणी वाढणी हातात घेतली, कोणी आपले पान मागे ठेवले, म्हणून पुरले. सांगलीकरांनी आमची हळद हसून पास केली. पुढची त्यांनीच पाठवावी. रात्री दोन वाजता चूल विझली तेव्हा ज्यांनी न विचारता ती पेटती ठेवली, ते त्या दिवशी न जेवता गेले. त्यांचे पान घरी वाढलेले आहे. आहेर नको म्हटले तरी तुम्ही दिलात. तो आम्ही वहीत लिहिला आहे, तेव्हा तुमच्याकडच्या कार्याला बोलवावेच लागेल. बाबा असते तर दाराशी उभे राहून म्हणाले असते, जेवल्याशिवाय जाऊ नका. त्यांच्या वतीने मी म्हणते, येत राहा. लोभ असावा, हे विनंती.’

खाली तिने ‘करवली’ एवढीच सही केली. ‘आभार’ हा शब्द सगळ्या मजकुरात एकदाही आला नाही, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

रात्री मजकूर गेला. लगेच चारशे फोनवरून हात जोडलेली चित्रे परत येऊ लागली. सांगलीहून दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या कुरिअरने पाच किलो हळद आली, सोबत चिठ्ठी : ‘नमुना. पसंत पडल्यास कळवणे.’ मावशीच्या यजमानांनी ‘चूल पेटती ठेवली’ हे आपल्याबद्दलच आहे असे काही नातेवाइकांना कळवल्याचे समजले. पण पान वाढलेले आहे म्हणून ते घरी जेवायला आले नाहीत, एवढा सत्याचा अंश त्यांच्यात शिल्लक होता.

धाकट्या काकांकडून काहीच उत्तर नव्हते. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मजकूर आला. मोडी लिहिणाऱ्याला शोभावा असा. शब्द तोडलेले नाहीत, चिन्ह एकही नाही, अर्थ ज्याचा त्याने लावायचा :

‘रविवारीयेतोसिलिंडररिकामेकरूनठेवा’